बोटांवरची खरखरीत चामखीळ : घरच्या घरी काय लागू पडते?

मराठीत आपण ‘चामखीळ’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि उपचारातला गोंधळ तिथूनच सुरू होतो. मानेवर किंवा काखेत लोंबणारी मऊ चामखीळ ही त्वचेची निरुपद्रवी वाढ असते. बोटांवर, नखांच्या कडेला किंवा हाताच्या पाठीवर उगवणारी टणक, खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी दिसणारी चामखीळ मात्र विषाणूमुळे होते. या लेखात फक्त दुसरीचा विचार केला आहे. पहिलीवर खाली दिलेले औषध लावू नये.

या विषाणूचे नाव ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत आणि हातावरच्या चामखिळी त्यांपैकी मोजक्याच प्रकारांमुळे होतात. नखे कुरतडताना किंवा नखाजवळचे सालपट ओढताना पडलेल्या बारीक चिरेतून विषाणू आत शिरतो आणि बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींत ठाण मांडतो. त्या पेशी भराभर वाढून वर सरकतात आणि त्यांचा जाड, कडक थर साचत जातो. चामखिळीवर दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांना पुष्कळ जण ‘मुळे’ म्हणतात, पण ती असतात रक्त गोठलेल्या सूक्ष्म केशवाहिन्यांची टोके. चामखिळीला मूळ नसते आणि ती बाह्यत्वचेच्या खाली उतरत नाही. त्यामुळे ब्लेडने ‘मुळासकट’ खणून काढण्याचा प्रयत्न केला, तर हाती फक्त जखम येते आणि त्या जखमेच्या कडेने नव्या चामखिळींची रांग उठू शकते.

घरगुती उपायांची पारख करणे अवघड जाते, कारण चामखीळ बहुधा आपणहून जाते. मुलांमध्ये साधारण दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत काहीही न करता नाहीशा होतात, कारण शरीराची प्रतिकारयंत्रणा उशिरा का होईना, विषाणूला ओळखते. त्या दोन वर्षांत कोणी लसूण चोळतो, कोणी केळीची साल बांधतो, कोणी घोड्याच्या केसाने चामखीळ आवळतो आणि ती गेली की श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. एखादा उपाय खरोखर लागू पडतो का, हे ठरवायचे असेल तर तो न करणाऱ्यांच्या चामखिळी तेवढ्याच काळात किती गेल्या, हे शेजारी मांडून पाहावेच लागते.

चिकटपट्टीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 2002 साली अमेरिकेत 51 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत चामखिळीवर डक्ट टेप सहा-सहा दिवस चिकटवून ठेवली, तेव्हा 85 टक्के रुग्णांच्या चामखिळी गेल्या. गोठवून जाळण्याच्या उपचाराने मात्र 60 टक्केच गेल्या. ही बातमी जगभर पसरली. पुढे 2006 साली नेदरलँड्समध्ये 103 शाळकरी मुलांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा सहा आठवड्यांनी पट्टीच्या गटात 16 टक्के आणि नाममात्र उपचाराच्या गटात 6 टक्के मुले बरी झाली. एवढ्या थोड्या मुलांत हा फरक योगायोगानेही पडू शकतो. 2007 साली प्रौढांवरच्या चाचणीत आकडे 21 आणि 22 टक्के असे आले. पट्टीने अपाय होत नाही, पण केवळ तिच्यावर भिस्त ठेवावी असा आधार मला दिसत नाही.

घरी करण्याजोग्या उपायांपैकी ज्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे, ते औषध जुनेच आहे : सॅलिसिलिक आम्ल. 2002 साली जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ते लावणाऱ्यांपैकी सुमारे 75 टक्के आणि न लावणाऱ्यांपैकी 48 टक्के लोक बरे झाल्याचे दिसले. याला दुसरी बाजूही आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत तळपाय सोडून इतरत्रच्या चामखिळींसाठी 13 आठवड्यांनंतरचे आकडे द्रव नायट्रोजनने 49 टक्के, सॅलिसिलिक आम्लाने 15 टक्के आणि काहीही न करता 8 टक्के असे होते. त्यामुळे या औषधाची हमी देता येत नाही. तरीही ते स्वस्त आहे, वेदना फारशी देत नाही आणि प्रथम करून पाहण्याजोगे आहे.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सुमारे 17 टक्के सॅलिसिलिक आम्ल आणि तितकेच लॅक्टिक आम्ल कोलोडियन या चिकट द्रवात मिसळलेली लहान बाटली मिळते. हे औषध विषाणूला मारत नाही. ते कडक थरातील पेशींना जोडणारा बंध सैल करते, त्यामुळे थर सुटत जातो, आणि होणाऱ्या सौम्य दाहामुळे प्रतिकारयंत्रणेला जाग येते, असा समज आहे.

माझ्या भाचीच्या उजव्या तर्जनीवर, नखाच्या थोडे खाली, मुगाच्या दाण्याएवढी चामखीळ होती. तिच्यावर महिनाभर औषध लावूनही काही फरक पडला नव्हता. विचारल्यावर कळले की ती कोरड्या चामखिळीवर थेंब टाकत होती आणि आधीचा पांढरा पापुद्रा तसाच राहत होता. औषध त्या मेलेल्या थरातच जिरत होते. मग आम्ही क्रम बदलला. रात्री पाच ते दहा मिनिटे बोट कोमट पाण्यात बुडवायचे, पुसायचे, आणि नखे घासण्याच्या कागदी पट्टीने पांढरे झालेले सालपट हलकेच काढायचे, पण रक्त येईपर्यंत नाही. भोवतीच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलिनचे कडे करायचे, काडीच्या टोकाने एक थेंब नेमका चामखिळीवर ठेवायचा, सुकू द्यायचा आणि वर साधी चिकटपट्टी लावायची. घासण्याची पट्टी दुसऱ्या कोणी वापरायची नाही आणि तिने नखेही घासायची नाहीत, कारण विषाणू तिच्यावर चिकटून राहतो.

तिसऱ्या आठवड्यात बोट लाल होऊन दुखू लागले, तेव्हा चार दिवस थांबून पुन्हा सुरू केले. सातव्या आठवड्यात पृष्ठभाग सपाट दिसला आणि तिला वाटले, झाले. भिंगातून पाहिले तर दोन काळे ठिपके शिल्लक होते आणि बोटावरच्या बारीक रेषा त्या जागी तुटत होत्या. हीच खरी कसोटी आहे : ठिपके जाऊन रेषा अखंड झाल्या की चामखीळ गेली, नुसती सपाट झाली म्हणून नव्हे. अकराव्या आठवड्यात रेषा जुळल्या. पूर्ण प्रयत्नासाठी बारा आठवडे धरावेत, आणि तेवढ्यात काहीच न हलल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. कोलोडियन चटकन पेट घेते, म्हणून बाटली देवघरातल्या समईपासून आणि शेगडीपासून दूर, झाकण घट्ट लावून ठेवावी.

काही घरगुती उपाय मात्र मी कळकळीने टाळायला सांगेन. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र होऊन तीव्र क्षार तयार होतो आणि तो निरोगी त्वचाही खोलवर जाळतो. बिब्ब्याच्या तेलाने फोड उठतात आणि त्याचे काळे डाग दीर्घकाळ राहतात. रुईचा चीक बोटावरून डोळ्यात गेला, तर बुबुळाला इजा होते. उदबत्तीचा चटका कायमचा व्रण ठेवतो.

मधुमेह असल्यास, हाताची संवेदना कमी असल्यास किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास घरी प्रयोग करू नये. चेहऱ्यावर आणि जननेंद्रियांवर हे औषध कधीच लावू नये. प्रौढ माणसाच्या नखाजवळची एकच ‘चामखीळ’ वर्षानुवर्षे हटत नसेल, भरभर वाढत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर तिचा तुकडा तपासून घ्यावा, कारण त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार तिथे नेमका असाच दिसतो.