कारागिरांचे आभारभाषण (बुटिकचा फॅशन शो)

छोट्या फॅशन शोच्या शेवटी बुटिकची संस्थापक रॅम्पवर येऊन प्रत्येक पोशाखामागच्या विणकर, रंगारी, भरतकाम करणारे आणि शिलाई कारागीर यांची नावे घेऊन जे चार-पाच मिनिटांचे भाषण करते, ते कारागिरांचे आभारभाषण. शेवटची फेरी झाल्यावर सगळ्या मॉडेल रॅम्पवर उभ्या असतानाच ते करण्याची पद्धत आहे. पोशाख डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे नाव आणि काम यांची जोडी लागते. भाषण जेवणाच्या वेळेपर्यंत पुढे ढकलले गेले की ‘आमचे सगळे कारागीर’ एवढ्या दोन-तीन शब्दांत ते आटोपते.

मोठ्या फॅशन शोमध्ये शेवटी एकटा डिझायनर येऊन अभिवादन करतो, ही जुनी रीत. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार मेले. त्यानंतर ‘माझे कपडे कोणी बनवले?’ हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला, आणि पडद्यामागच्या हातांना पुढे आणण्याची प्रथा वाढत गेली. भारतात 2015 पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवस म्हणून पाळला जातो. बुटिकचे असे अनेक कार्यक्रम त्याच सुमारास होतात. महाराष्ट्रात या विषयाला धार आली ती जून 2025 मध्ये. मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दाखवल्या आणि त्यांचे वर्णन नुसते ‘चामड्याच्या सँडल’ असे केले. ओरड झाल्यावर कंपनीने हा घाट भारतीय कारागिरीतून आल्याचे मान्य केले.

भाषणाची खरी तयारी ऑर्डर देतानाच सुरू होते. शोमधल्या एका येवल्याच्या पैठणीचे उदाहरण घेऊ. बुटिकची ओळख बहुधा माग चालवणाऱ्या घराच्या मालकाशी किंवा पेढीवरच्या व्यापाऱ्याशी असते, म्हणून भाषणात सहज त्याचेच नाव येते. पण साडीचा प्रवास सुरुवातीपासून पाहिला तर चित्र निराळे दिसते. कच्चे रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येते, जर सुरतेहून. रेशमाचा नैसर्गिक डिंक उकळून काढणे आणि लडी रंगवणे हे रंगाऱ्याचे काम. जांभळ्या अंगाला हिरवा काठ हवा असेल तर छटा जुळली की बिघडली हे त्याच्या हंड्यातच ठरते. मग लडी उकलून कांड्या भरायच्या. हे काम बहुतेक वेळा विणकराच्या घरातल्या बायका करतात, आणि त्याची वेगळी मजुरी अनेक घरांत धरलीच जात नाही. त्यापुढे सांधणी. संपलेल्या ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचा धागा जोडायचा, असे हजारो धागे. सांधणी करणारी माणसे वेगळी असतात, ती एका मागावरून दुसऱ्या मागावर जातात. एवढे झाल्यावर विणकर मागावर बसतो. पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाचा धागा गुंडाळलेली वेगळी तिल्ली हाताने ताण्यातून फिरवावी लागते आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. भरगच्च पदर असेल तर एकाच साडीत महिने जातात.

साडी बुटिकमध्ये पोचल्यावरही काम संपत नाही. ब्लाउजचे कापड बेतणारे कटिंग मास्टर, खाटल्याच्या चौकटीवर कापड ताणून आरीच्या सुईने भरतकाम करणारे कारागीर, तुरपाई आणि काज-बटण करणाऱ्या बायका, फॉल-पिकोवाला, पदराला गोंडे लावणारी. मुंबईतल्या आरी-जरदोजीच्या कारखान्यांत बरेच कारागीर बंगाल, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले असतात. म्हणजे एका पोशाखामागे सहज दहा-बारा जण उभे राहतात. दहा पोशाखांची ही सगळी नावे वाचायची म्हटली तर प्रेक्षक चुळबुळ करणारच. त्यामुळे जाणत्या संस्थापिका मंचावर प्रत्येक पोशाखाची दोन-तीन नावे घेतात आणि संपूर्ण यादी पोशाखाला अडकवलेल्या छापील चिठ्ठीवर देतात. कोणती नावे घ्यायची याचा सोपा निकष असा: ज्याचे काम लांबून दिसत नाही, त्याचे नाव आधी. पदराला टाळ्या मिळतातच, सांधणीला मिळत नाहीत.

नावासोबत केलेले एक नेमके काम सांगितले की भाषण उभे राहते. ‘यांच्या हातात जादू आहे’ हे वाक्य कोणालाही लागू पडते. ‘या पदराची उलटी बाजू बघा, ती सुलटीइतकीच स्वच्छ आहे, कारण यांनी प्रत्येक रंग हाताने अडकवलाय’ हे त्या विणकरालाच लागू पडते आणि प्रेक्षकाला पारखही शिकवते. यंत्रमागाच्या नकलेत बहुधा पदराच्या मागे लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतात. त्याच कारणाने इथे चुकीचे बोलले तर लगेच पकडले जाते. आजच्या बहुतेक पैठण्यांत सोन्या-चांदीची जर नसते. तांब्याच्या तारेची किंवा प्लास्टिकच्या पट्टीची जर असते. तरी ‘सोन्याची जर’ हे शब्द भाषणात हमखास घुसतात, आणि पुढच्या रांगेत बसलेला विणकर खाली बघतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दुसरीकडच्या यंत्रमागावरचे कापड ‘पैठणी’ म्हणून रॅम्पवर आणणे हा शब्दांचा खेळ उरत नाही, कायद्याचा प्रश्न होतो.

भाषेकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. इंग्रजीत केलेले आभारभाषण पाहुण्यांना कळते, पण ज्यांचे आभार मानले त्यांना कळत नाही. येवल्याच्या माणसाशी मराठीत आणि मुर्शिदाबादच्या कारागिराशी हिंदीत किंवा बांगलात दोन वाक्ये बोलली की मंचावर संकोचून उभा असलेला माणूस मान वर करतो. त्याला बोलवायचे तर प्रवासखर्चाबरोबर त्या दिवसाची मजुरीही द्यावी लागते, कारण तो इकडे आला की तिकडे माग बंद असतो. थकलेले बिल त्याआधी चुकते करणे हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. मंचावर हार घालून घेतलेल्या कारागिराला नंतर त्याच बिलासाठी फोन करत बसावे लागले की ती गोष्ट गल्लीभर होते.

नाव घेण्याआधी विचारणेही गरजेचे असते. दुसऱ्याच्या मागावर मजुरीने विणणाऱ्याचे नाव जाहीर झाले तर तो परस्पर गिऱ्हाईक धरतोय असे मालकाला वाटू शकते. उलट बाजूने, आपले चांगले कारागीर दुसरे बुटिक पळवील या भीतीने काही संस्थापिका नावे मुद्दाम टाळतात. मग ‘आमची टीम’ हा शब्द येतो.

काही कामांत नावापर्यंत पोचताच येत नाही. लखनौच्या चिकनकारीत कापडावर आधी धुऊन जाणाऱ्या रंगाने छपाई होते, मग ते कापड मध्यस्थामार्फत आसपासच्या गावांतल्या घरोघरी जाते. मुर्री आणि फंदा हे टाके एकीने भरायचे, जाळी दुसरीने काढायची, शेवटी धोबीघाटावर धुलाई. एका कुर्त्यावर चार-पाच जणींचे हात लागलेले असतात आणि मध्यस्थाच्या वहीत नगांची संख्या असते, नावे नसतात. अशा वेळी बनावट नाव घेण्यापेक्षा ‘ही जाळी कोणी काढली ते आम्हाला अजून कळलेले नाही’ असे मंचावरून सांगणाऱ्या संस्थापिका आहेत. काही जणी पुढच्या ऑर्डरपासून मध्यस्थाला नगामागे थोडे जास्त पैसे देऊन कापडासोबत चिठ्ठी फिरवायला सांगतात, आणि ज्या बाईने भरले तिने त्यावर स्वतःचे आणि गावाचे नाव लिहायचे किंवा लिहून घ्यायचे असते.