मामांच्या पीसीवर गुळाचे भाव का दिसेनात?

शाहूपुरीत आमच्या मामांचं गुळाचं दुकान आहे, तिथं विंडोज ७ चा जुना पीसी अजून चालतोय आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच असल्यामुळं मामा तो बदलायला तयार नाहीत. परवा त्यांचा फोन आला, "आरं, भावाची साईट उघडतीया पण भावच दिसंनात." जाऊन बघितलं तर क्रोममध्ये वरची पट्टी, तारीख, सगळं बरोबर आलेलं, फक्त भावाचा तक्ता कोरा. त्याच पीसीवर फायरफॉक्समध्ये तीच साईट उघडली तर तक्ता पूर्ण भरलेला! म्हणजे नेट ठीक, साईटही चालू.

शेजारचा पोरगा म्हणाला, युजर एजंट बदलून बघूया. युजर एजंट म्हणजे ब्राउजर साईटला स्वतःची जी ओळख सांगतो ती ओळ, त्यात `Chrome/109.0.0.0` असं काहीतरी असतं. त्यानं तिथं नवा आकडा घातला, तरी तक्ता कोराच. आणि तसंच होणार होतं, कारण दारावरची पाटी बदलली म्हणून घरात नवीन भांडी येत नाहीत. साईट नुसती ती ओळ वाचून "ब्राउजर अपडेट करा" म्हणत अडवत असेल तरच या युक्तीचा उपयोग होतो.

मग मी F12 दाबून कन्सोल उघडला, तिथं लाल अक्षरात हे होतं:

```
Uncaught TypeError: bhav.toSorted is not a function
```

खरी गोम इथं होती. `toSorted` म्हणजे यादीची क्रमानं लावलेली नवी प्रत काढून देणारी जावास्क्रिप्टची सोय, ती क्रोममध्ये ११० व्या आवृत्तीत आली, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम आहे १०९, जानेवारी २०२३ चं. एका आकड्यानं हुकलं बघा! फायरफॉक्समध्ये हीच सोय ११५ मध्ये आली, आणि विंडोज ७ वर फायरफॉक्स नेमकं ११५ पर्यंतच जातं, म्हणून तिथं चाललं. क्रोमला तो शब्दच माहीत नाही, त्यामुळं स्क्रिप्ट त्या ओळीवर थांबली आणि तक्ता भरायचं काम तिच्या खाली होतं ते राहूनच गेलं. वरची पट्टी आणि तारीख आधीच एचटीएमएलमधून आलेली, म्हणून ती दिसत होती.

कॅशे साफ करा, पुन्हा इन्स्टॉल करा असं लोक सांगतात पण इथं त्यानं काहीच होत नाही, पुन्हा टाकलं तरी १०९ च येणार. मी साईटवाल्यांना ती लाल ओळ आणि आवृत्तीचा आकडा जसाच्या तसा पाठवला, आणि सोबत हा बदल:

```
[...bhav].sort(kram)
```

आधी प्रत काढायची मग ती लावायची, काम तेच आणि हे जुन्या क्रोमलाही कळतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी बदललं, मामांचा तक्ता भरला. पण १०९ ला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, त्यामुळं बँकेचं काम त्या पीसीवर करायचं नाही हे मी मामांना बजावून आलोय, ते आता मोबाईलवरच करतात.