सेंटरिंग प्रार्थना

अंतरंगातील देवाच्या सान्निध्याला आणि कार्याला मूकपणे होकार देत बसण्याची ख्रिस्ती प्रार्थनापद्धती. १९७०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्पेन्सर येथील सेंट जोसेफ या ट्रॅपिस्ट नावाच्या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात तिला आजचे रूप मिळाले. मठाधिपती थॉमस कीटिंग आणि त्यांचे सहकारी विल्यम मेनिंजर व बेसिल पेनिंग्टन यांनी ती घडवली. ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हा चौदाव्या शतकातील अनामिक इंग्रजी ग्रंथ तिचा मुख्य आधार. देव बुद्धीला गवसत नाही, प्रेमाला गवसतो, आणि त्या प्रेमाची ओढ एका छोट्या शब्दात बांधून ठेवावी, असे हा ग्रंथ सांगतो.

साधक आधी एक ‘पवित्र शब्द’ निवडतो: येशू, अब्बा, शांती, असा एखादा. मग आरामात, डोळे मिटून बसतो आणि तो शब्द हलकेच मनात आणतो. विचारात गुंतल्याचे लक्षात आले की तितक्याच हळुवारपणे शब्दाकडे परततो. शेवटी शब्द सोडून दोनेक मिनिटे डोळे मिटूनच राहतो. बैठक साधारण २० मिनिटांची, दिवसातून दोनदा.

नामस्मरणाची सवय असलेल्याची इथे गफलत होऊ शकते, कारण हा शब्द जपायचा नसतो. समजा, बसल्यावर काही वेळाने उद्याच्या कामाची यादी मनात सुरू झाली. यादी येणे ही चूक नाही. आपण तिच्यात शिरलो हे कळले की एकदा शब्द आठवायचा, एवढेच. यादी आपोआप सरकून जात असेल तर तेवढेही करायचे नाही. येथे ‘विचार’ म्हणजे गुडघ्याची कळ, जुनी आठवण, ‘आज छान जमतेय’ ही शाबासकी आणि दिव्य वाटणारा अनुभवसुद्धा. शब्दाने विचारांना हाकलू पाहिले की कपाळाला आठ्या पडतात, श्वास आखडतो; बैठक एकाग्रतेची कसरत झाल्याची ही खूण. या पद्धतीचा भर एकाग्रतेवर नाही, होकाराच्या इराद्यावर आहे, आणि माझ्या मते तिचे वेगळेपण इथेच आहे. म्हणून शंभर वेळा भरकटून शंभर वेळा परतलेली बैठक वाया गेली असे मानत नाहीत.

नियमित साधनेत अचानक रडू वा राग उफाळू शकतो. कीटिंग यांनी त्याला अबोध मनाचा निचरा म्हटले. त्याचा अर्थ बैठकीत शोधत बसू नये, असे सांगितले जाते. फळ पाहायचे ते रोजच्या वागण्यात.

कीटिंग पुढे कोलोरॅडोतील स्नोमास मठात राहिले. १९८४ मध्ये ‘कॉन्टेम्प्लेटिव्ह आउटरीच’ ही प्रसारसंस्था सुरू झाली. काही कॅथलिक टीकाकारांना ही पद्धत भावातीत ध्यानाची ख्रिस्ती आवृत्ती वाटते. व्हॅटिकनच्या १९८९च्या पत्रात पौर्वात्य ध्यानतंत्रांविषयी सावधगिरी सुचवली आहे, तिचाही ते दाखला देतात. समर्थकांचे उत्तर असे, की इथे तंत्राने काही साधायचे नसते, एका व्यक्तिरूप देवाशी नाते असते. शिवाय ही पद्धत बायबलवाचन वा इतर प्रार्थनांची जागा घेण्यासाठी नाही.