फेडरेटेड लर्निंग

फेडरेटेड लर्निंग : अनेक फोनांवर विखुरलेली माहिती एका जागी गोळा न करता तिच्यावरून एकच सामाईक मॉडेल घडवण्याची पद्धत. लोकांनी टंकलेली वाक्ये त्यांच्या फोनवरच राहतात. मॉडेल म्हणजे उदाहरणांवरून जुळवत नेलेल्या आकड्यांचा मोठा संच. त्याची प्रत फोनवर येते, तिथल्या वाक्यांवरून थोडे शिकते, आणि शिकताना तिच्या आकड्यांत जो फरक पडला तेवढाच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर अनेक फोनांचे फरक एकत्र करून मॉडेल सुधारतो आणि नवी प्रत पुन्हा फोनांकडे पाठवतो. ब्रेंडन मॅकमहन व त्यांच्या गूगलमधील सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही पद्धत या नावाने मांडली. पुढच्या वर्षी गूगलने जीबोर्ड या कीबोर्डवर तिची चाचणी चालू असल्याचे जाहीर केले. रुग्णालये आणि बँकाही ही पद्धत वापरतात, पण तिथे सहभागी मोजके आणि ओळखीचे असतात. प्रस्तुत नोंद फोनांपुरती आहे.

‘कच्ची माहिती फोनबाहेर जात नाही’ हे या पद्धतीबद्दल नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण गुप्तता त्यातून मिळत नाही. ती मिळते कशातून, आणि तिची किंमत कोण मोजतो, हे पुढचा शब्द सुचवणाऱ्या कीबोर्डच्या उदाहरणाने पाहता येते.

कोल्हापुरातील गरज : मराठीसाठी असे मॉडेल तयार करायचे तर छापील आणि संकेतस्थळांवरचा मजकूर हाताशी असतो, पण तो बहुतेक प्रमाण मराठीत आहे. कोल्हापुरात ‘काय करायलाईस’, ‘जेवायलोय’, ‘लई भारी’ असे लिहिले जाते ते खाजगी संदेशांत. तिथल्या कित्येक बायका-मुली स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात आणि टंकतात. छापील मजकुरावर वाढलेले मॉडेल लिहिणारी बाई आहे असे आधीच्या मजकुरावरून दिसले की ‘आले’, ‘जाते’ असेच सुचवत राहते. ही बोली मॉडेलला शिकवायची तर ती जिथे आहे, म्हणजे लोकांच्या आपापसांतल्या संदेशांत, तिथेच जावे लागते. ते संदेश सर्व्हरवर आणणे कोणालाच मान्य होणार नाही.

एक फेरी : सर्व्हर काही फोन निवडतो. समजा, शाहूपुरीतला एक, गडहिंग्लजचा एक आणि कागलचा एक असे तीनच फोन आले. (प्रत्यक्षात एका फेरीत काही शे फोन असतात. अमेरिकन इंग्रजीसाठीच्या जीबोर्डच्या २०१८ सालच्या प्रयोगात सुमारे १४ लाख आकड्यांचे मॉडेल घडायला अशा ३,००० फेऱ्या आणि चार-पाच दिवस लागले.) शाहूपुरीच्या फोनवर शिकण्याजोगी १२० वाक्ये आहेत, उरलेल्या दोघांवर ४०-४०. मॉडेलमधला एकच आकडा घेऊ : ‘तांबडा’ या शब्दानंतर ‘पांढरा’ सुचवण्याकडे कल वाढवणारा. प्रत्यक्षात असा कल एकाच आकड्यात बसत नाही, पण हिशेब समजायला हे चालते. शिकून झाल्यावर शाहूपुरीच्या फोनवर हा आकडा ०.०५ ने वाढला, गडहिंग्लजला ०.०१ ने घटला, कागलला ०.०२ ने वाढला.

सर्व्हर साधी सरासरी काढत नाही. ज्याची वाक्ये जास्त, त्याचे वजन जास्त. फरकाला वाक्यसंख्येने गुणले की ६.०, वजा ०.४ आणि ०.८ मिळतात. बेरीज ६.४, तिला एकूण २०० वाक्यांनी भागले की ०.०३२. मॉडेलमधला तो आकडा तेवढ्याने वाढतो. मॅकमहन यांची मूळ पद्धत एवढीच आहे. तिचे चातुर्य असे की प्रत्येक फोन आपल्या वाक्यांवरून बरेच टप्पे आपल्यापुरता शिकतो आणि मगच सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे फेऱ्या फार कमी लागतात. मात्र हे टप्पे अती झाले तर प्रत्येक फोन आपल्याच वळणाने दूर जातो आणि सरासरी कोणाच्याच कामाची उरत नाही. फेरीमागून फेरी मॉडेलची चूक कमी होण्याऐवजी वर-खाली होऊ लागली, की पहिला संशय इथे घ्यावा.

फरकातून काय कळते : आता मुख्य अडचण. शब्द सुचवणाऱ्या मॉडेलात शब्दसंग्रहातल्या प्रत्येक शब्दासाठी आकड्यांची एक ओळ असते. साध्या रचनेत, फोनवर जे शब्द टंकले गेले त्यांच्याच ओळी बदलतात. बाकीच्या जशाच्या तशा राहतात. म्हणजे एका फोनचा फरक उघडा पाहिला, तर त्या माणसाने कोणते शब्द वापरले याची यादीच हाती लागते. ‘मधुमेह’, ‘हप्ता’, ‘वकील’ या तीन ओळी हललेल्या दिसल्या की वाक्य वाचायची गरज राहत नाही. छायाचित्रांच्या बाबतीत २०१९ मध्ये लिगेंग झू, झिजियान लिऊ आणि साँग हान यांनी याहून पुढचे दाखवले : शिकण्याच्या एकाच टप्प्याच्या फरकावरून मूळ चित्र जवळजवळ हुबेहूब परत उभे करता येते. तेव्हा वाक्ये फोनवर ठेवली आणि फरक उघडा पाठवला, तर दार लावून खिडकी सताड ठेवल्यासारखे होते.

मुखवट्यांची बेरीज : यावर उपाय असा की सर्व्हरला कोणा एकाचा फरक दिसूच द्यायचा नाही, फक्त बेरीज दिसू द्यायची. कीथ बोनाविट्झ व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याची व्यवहारात चालेल अशी रीत दिली. फोनांची प्रत्येक जोडी सर्व्हरला न कळता एक गुप्त आकडा ठरवते. जोडीतला एक तो आपल्या फरकात मिळवतो, दुसरा वजा करतो. हा आकडा म्हणजे फरकावर चढवलेला मुखवटा. वरच्याच उदाहरणात शाहूपुरी-गडहिंग्लज या जोडीचा आकडा ३०, शाहूपुरी-कागलचा २५ आणि गडहिंग्लज-कागलचा १२ धरू. शाहूपुरी ६.० + ३० + २५ म्हणजे ६१ पाठवतो. गडहिंग्लज वजा ०.४ मधून ३० वजा करून १२ मिळवतो. होतात वजा १८.४. कागल ०.८ मधून २५ आणि १२ वजा करतो. होतात वजा ३६.२. यांपैकी एकाही आकड्यावरून मूळ फरक ओळखता येत नाही, पण तिघांची बेरीज बरोबर ६.४ येते. (खऱ्या रचनेत हे आकडे ठरावीक मर्यादेत गोल फिरणारे असतात, म्हणून मुखवटा घातलेला आकडा कुठलाही असू शकतो.) वाक्यांची संख्याही अशीच झाकून पाठवता येते.

गणित इथवर सोपे आहे. खरे अवघड आहे फोनचे अर्ध्यावर गळणे. गुप्त आकडे ठरले आणि नेमकी कागलमध्ये वीज गेली, राउटर बंद पडला, तर सर्व्हरकडे ६१ आणि वजा १८.४ एवढेच येते. बेरीज ४२.६, खरी हवी होती ५.६. उरलेले ३७ म्हणजे कागलशी ठरलेले २५ आणि १२. म्हणून प्रत्येक फोन आपल्या गुपिताचे तुकडे आधीच इतरांकडे ठेवतो. एखादा फोन गळाला, तर ठरावीक संख्येने इतर फोनांनी तुकडे दिल्यावर त्याचे मुखवटे काढून टाकता येतात. पण यातून नवी फट पडते. कागलचा फोन गळालेला नसून नुसता उशिरा आला, आणि तोवर त्याचे मुखवटे उघडले गेले असले, तर त्याचा फरक उघडा पडेल. ती बुजवायला प्रत्येक फोन स्वतःपुरता आणखी एक मुखवटा चढवतो. एका फोनसाठी इतर फोन सर्व्हरला दोहोंपैकी एकाच मुखवट्याचे तुकडे देतात, दोन्हींचे कधीच नाहीत.

शंभर खरे फोन आणि शंभर खोटे फोन यांत मात्र ही रीत भेद करत नाही. सर्व्हर चालवणाऱ्यानेच नव्व्याण्णव बनावट फोन उभे केले, तर उरलेल्या एकाचा फरक वजाबाकीने निघतो. फोन खरा आहे हे तपासणारी यंत्रणा वेगळी लागते, आणि तिच्यावरचा विश्वास शेवटी कंपनीवरचाच विश्वास असतो.

गोंगाट आणि बोली : बेरीजही पुरती मुकी नसते. एखादा शब्द शंभरांत एकानेच वापरला असेल, तर तो कोणी वापरला हे कळले नाही तरी वापरला गेला हे कळते. मॉडेल तो घोकून ठेवू शकते आणि पुढे भलत्याच कोणाला सुचवू शकते. म्हणून दोन गोष्टी करतात. प्रत्येक फोनच्या फरकाला कमाल मर्यादा घालतात, आणि बेरजेत मुद्दाम यादृच्छिक गोंगाट मिसळतात. गोंगाट इतका हवा की एखादा फोन फेरीत होता की नव्हता हे निकालावरून नीट सांगता येऊ नये. या हमीला डिफरेन्शियल प्रायव्हसी म्हणतात आणि ती आकड्यात मोजता येते.

हीच हमी बोलीच्या मुळावर येते. गोंगाट एकाच माणसाच्या शब्दाला गिळतो, तसाच तो थोड्या माणसांच्या शब्दालाही गिळतो. महाराष्ट्रभरच्या लाखो फोनांत ‘करतोय’ बुलंद असतो. ‘करायलोय’ तेवढ्या फोनांवर नसेल, तर तो गोंगाटाच्या पातळीखालीच राहतो. त्यात मराठीची आणखी एक अडचण : शब्दसंग्रह ठरलेला असतो (जीबोर्डच्या त्या प्रयोगात १०,००० शब्द), आणि ‘कोल्हापूरला’, ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापूरहून’ हे तिथे तीन शब्द धरले जातात. संग्रहात नसलेला शब्द कितीही वेळा टंकला तरी फोन तो मॉडेलला शिकवू शकत नाही.

कोणाचे फोन शिकवतात : फोन फेरीला लागण्याच्या अटी ठरलेल्या असतात : चार्जिंगला लावलेला, वापरात नसलेला, पुरेशी मेमरी असलेला आणि मोजून पैसे न लागणाऱ्या जोडणीवर, म्हणजे बहुधा वायफायवर असलेला. अटी रास्त आहेत. बॅटरी आणि डेटा खाणारा कीबोर्ड कोण ठेवील? पण राजारामपुरीतल्या ब्रॉडबँड असलेल्या घरातला फोन रात्रभर या अटी पाळतो, तर राधानगरी-शाहूवाडीकडचा, केवळ मोबाईल डेटावर चालणारा स्वस्त फोन वर्षभर एकाही फेरीत येत नाही. बोली जिथे गडद आहे तिथलेच फोन वगळले जातात, आणि हे गोंगाटाच्याही आधी घडते. माझ्या मते फोनांसाठीच्या या पद्धतीतला सर्वांत दुर्लक्षित दोष हाच आहे.

तो उघडकीला येणेही कठीण असते. तपासणीसुद्धा फोनवरच होते : काही वाक्ये शिकण्यातून बाजूला ठेवतात, मॉडेलने किती शब्द बरोबर सुचवले ते मोजतात आणि ती संख्या पाठवतात. मात्र तपासणीलाही तेच वायफायवाले फोन येतात. सरासरी छान दिसते. जिल्हावार किंवा फोनच्या दर्जानुसार वेगळी सरासरी मागितली तरच फरक दिसतो, आणि गट फार लहान केले तर गुप्ततेची हमी पुन्हा पातळ होते.

तडजोड म्हणून काही रचनांत मॉडेलचा मोठा भाग सामाईक ठेवतात आणि शेवटचा छोटा थर प्रत्येक फोनवर वेगळा शिकवतात. हा थर कधीच सर्व्हरकडे जात नाही, त्यामुळे त्यात गोंगाट घालावा लागत नाही आणि वायफायची वाटही पाहावी लागत नाही. ‘मी आलो’ लिहिणाऱ्या मुलीला तिचा फोन पुढे ‘जातो’ सुचवू लागतो. तिच्या शेजारणीच्या फोनला मात्र ते स्वतः पहिल्यापासून शिकावे लागते, आणि फोन बदलताना तो थर नव्या फोनवर नेण्याची सोय नसेल तर तिच्याही फोनला.