पहिला मायक्रोफोन : घरातील खोलीसाठी निवड

घरी बसून निवेदन, कथावाचन, पॉडकास्ट किंवा शिकवणीचे पाठ ध्वनिमुद्रित करायचे ठरवले की पहिली खरेदी मायक्रोफोनची असते. त्या वेळी दोन प्रश्न समोर येतात : डायनॅमिक घ्यावा की कंडेन्सर, आणि जोडणी थेट संगणकात लागणारी यूएसबी असावी की वेगळ्या उपकरणातून जाणारी तीन पिनांची एक्सएलआर. या नोंदीत खोली म्हणजे शहरातल्या सदनिकेतली नेहमीची खोली धरली आहे. तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, गिलावा करून रंगवलेल्या भिंती, एक खिडकी आणि छताला पंखा असतो. ध्वनिशोषक असे तिच्यात एक गादी, पडदा आणि कपाटातले कपडे, इतकेच.

डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि वीज निर्माण होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, पण त्याचा विद्युत्संकेत क्षीण असतो. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागची चकती मिळून धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, बनते. पडदा हलला की धारिता बदलते आणि आतले इलेक्ट्रॉनिक मंडल त्याचा संकेत करते. त्या मंडलाला वीज द्यावी लागते. एक्सएलआर जोडणीत ती बहुधा ४८ व्होल्टच्या ‘फँटम पॉवर’मधून येते. कंडेन्सरचा पडदा हलका असल्यामुळे तो वरच्या पट्टीतले बारकावे अधिक टिपतो.

‘कंडेन्सर खोली ऐकतो, डायनॅमिक ऐकत नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, आणि ते अर्धेच खरे आहे. संवेदनशीलता जास्त म्हणजे प्रत्येक ध्वनीसाठी संकेत मोठा : बोलणाऱ्याचा आवाज मोठा, तसा भिंतीवरून परतलेलाही मोठा. दोन्ही मायक्रोफोन एकाच अंतरावर ठेवले, दोघांचा ग्रहण-आकार, म्हणजे कोणत्या दिशेने किती ऐकू येते तो आराखडा, सारखा असला आणि ध्वनिमुद्रणाची पातळी जुळवली, तर आवाज आणि घुमारा यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच येते. कंडेन्सर वरच्या पट्टीत अधिक उघडा असल्याने फरशीवरून आलेला कडक परावर्तित आवाज थोडा अधिक उठून दिसतो, एवढाच फरक उरतो. घुमारा किती येणार हे प्रामुख्याने तोंडापासूनच्या अंतरावर ठरते.

याचा हिशेब करून पाहता येतो. खोली ३ मीटर बाय ३.३ मीटर आणि उंची २.९ मीटर, म्हणजे घनफळ सुमारे २९ घनमीटर. आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलने विरायला ०.८ सेकंद लागतात असे धरू. कठीण पृष्ठभागांच्या खोलीत हे सहज घडते. अशा खोलीत सर्व दिशांनी ऐकणाऱ्या मायक्रोफोनसाठी ज्या अंतरावर थेट आवाज आणि घुमारा समसमान होतात ते सुमारे ३४ सेंटिमीटर येते. पुढून ऐकणाऱ्या आणि मागून जवळजवळ बहिऱ्या असणाऱ्या कार्डिऑइड, म्हणजे हृदयाकृती, मायक्रोफोनसाठी ते सुमारे ५८ सेंटिमीटर होते. आता हाच मायक्रोफोन तोंडापासून १० सेंटिमीटरवर ठेवला तर थेट आवाज घुमाऱ्यापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर राहतो. टेबलाच्या कडेला, ४० सेंटिमीटरवर ठेवला तर जेमतेम ३ डेसिबल वर. मायक्रोफोन तोच, खोली तीच, आणि ध्वनिमुद्रणात मात्र एकदा जवळ बसून बोलणारा माणूस ऐकू येतो, तर एकदा न्हाणीघरातून बोलणारा.

डायनॅमिकची शिफारस होते ती इथूनच. पुष्कळ डायनॅमिक मायक्रोफोन जाळीला ओठ टेकतील इतक्या जवळून बोलण्यासाठीच बांधलेले असतात. मंचावर सर्वत्र दिसणारा, १९६६ साली आलेला शूरचा एसएम ५८ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या गोल जाळीतला स्पंज श्वासाचे फटके सोसतो. मोठ्या पडद्याचा कंडेन्सर मात्र बहुधा १५ ते ३० सेंटिमीटरवरून, समोर श्वासाचा झोत अडवणारा पॉप फिल्टर लावून वापरला जातो, आणि त्या अंतराबरोबर खोलीही आत येते. मराठीत महाप्राण व्यंजने भरपूर असल्यामुळे हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. ‘भाऊ’, ‘फळ’, ‘थांब’ म्हणताना हवेचा झोत सुटतो आणि जवळच्या मायक्रोफोनवर तो धपकन आदळतो. यावर उपाय म्हणजे मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कडेला साधारण ३० ते ४५ अंशांवर ठेवावा आणि त्याचे तोंड आपल्या तोंडाकडे वळवावे. झोत बाजूने निघून जातो, आवाज मात्र पोहोचतो. कार्डिऑइड जवळ आणला की खर्ज फुगतो. तो जड वाटल्यास ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग फिल्टरने कापावा.

डायनॅमिकची मर्यादा त्याच्या क्षीण संकेतात आहे. शूरचा एसएम ७बी निदान ६० डेसिबल गेन, म्हणजे संकेताची तेवढी वाढ, मागतो. मायक्रोफोन संगणकाला जोडणारे उपकरण म्हणजे इंटरफेस; स्वस्त इंटरफेसची गेनची मर्यादा त्याहून कमी असू शकते. मग गेन शेवटपर्यंत फिरवूनही आवाज बारीक राहतो, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवला की मागून सूंऽऽ असा आवाज वर येतो. सतार, तानपुरा किंवा संवादिनी ४० सेंटिमीटरवरून टिपायची असेल तर याच कारणाने डायनॅमिक योग्य नाही. तिथे कंडेन्सरच हवा, आणि मग खोलीची काळजीही घ्यावी लागते.

यूएसबी की एक्सएलआर हा प्रश्न ध्वनीच्या गुणवत्तेपेक्षा मांडणीचा आहे. यूएसबी मायक्रोफोनमध्ये प्रवर्धक आणि संकेताचे अंकीकरण करणारे मंडल आतच असते. एका केबलने काम होते, आणि पुष्कळ नमुन्यांत इयरफोन लावायची जागाही असते. एक्सएलआर मायक्रोफोनला वेगळा इंटरफेस लागतो. त्याच्या तीन पिनांच्या केबलमध्ये दोन तारा उलट संकेत नेतात, त्यामुळे वाटेत दोघींवर सारखाच चढलेला गोंगाट शेवटी वजा होतो आणि लांब केबलही चालते. एकट्याने बोलणाऱ्याला यूएसबी पुरतो. दोघे बोलणार असतील तर अडचण येते, कारण दोन यूएसबी मायक्रोफोन आपापल्या घड्याळावर चालतात. त्या घड्याळांत दशलक्षात ३० इतकाच फरक असला तरी तासाभरात दोन ध्वनिपट एकमेकांपासून सुमारे एक दशांश सेकंद सरकतात. एका इंटरफेसमधल्या दोन एक्सएलआर मायक्रोफोनांचे घड्याळ एकच असते.

म्हणून नवख्याने दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक घेणे सर्वांत शहाणपणाचे वाटते. सॅमसनचा क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स या जातीचे आहेत. आज यूएसबीने सुरुवात करता येते, आणि पुढे इंटरफेस आला तर तोच मायक्रोफोन एक्सएलआरवर चालतो.

बसण्याची जागाही ठरवावी लागते. कार्डिऑइडची पाठ बहिरी असते, म्हणून ती खिडकीकडे करावी. त्याचे तोंड बोलणाऱ्याकडे असल्यामुळे बोलणाऱ्याच्या मागची भिंत त्याला सरळ ऐकू येते. म्हणजे जाड गोधडी टांगायची ती मायक्रोफोनच्या मागे नव्हे, तर आपल्या पाठीमागे. उघडे ठेवलेले कपड्यांचे कपाटही तेच काम करते. गोधडी मधला आणि वरचा घुमारा खाते, खालची घुमघुम खात नाही. पंखा बंदच करावा लागतो, तो कोणत्याही मायक्रोफोनने टळत नाही.

पारख करायची तर ‘आज मी बाजारात जाऊन भाजी आणली’ असे एकच वाक्य १० आणि ४० सेंटिमीटरवरून मुद्रित करावे, दोन्हींची पातळी जुळवावी आणि इयरफोन लावून ‘आणली’ संपल्यानंतरचा क्षण ऐकावा. तिथे शेपूट रेंगाळत असेल तर ती खोली आहे. बोलत नसतानाही सतत गुणगुण येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबत असेल, तर दोष खोलीचा नसून विजेच्या जोडणीचा आहे. आवाज दूरचा आणि मंद येत असेल तर आपण कोणत्या बाजूने बोलतो ते आधी पाहावे. मोठ्या पडद्याचे बरेच कंडेन्सर टोकाकडून नव्हे तर कुशीतून ऐकतात, आणि कोणती कुशी हे बहुतेकदा त्यावरच्या खुणेवरून कळते.