पंपाचा सॉफ्ट स्टार्टर, व्हीएफडी आणि ‘करंट लिमिट’चा घोळ : पार्श्वभूमी

गोदावरी, कादवा आणि दारणेच्या काठाने उपसा सिंचनाच्या पंपांची रांग आहे. त्यातल्या मोठ्या पंपांवर कोणता स्टार्टर बसवायचा, हा वाद निफाड-दिंडोरीकडे आजही मिटलेला नाही. मोटर थेट पूर्ण व्होल्टेजला जोडणारा डीओएल आणि आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेज देणारा स्टार-डेल्टा सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. त्या काळाबद्दल एवढंच सांगायला हवं की स्टार-डेल्टाने लाइनवरचा करंट एक तृतीयांशावर आणला, पण डेल्टात जातानाचा झटका काही गेला नाही. शेतीच्या फीडरवर ठरावीक तासच वीज मिळू लागली, तेव्हा हा झटका जास्त बोचू लागला. वीज आली की ऑटो स्विचवरचे सगळे पंप एकदमच उठायचे आणि गावची डीपी वाकायची.

सॉफ्ट स्टार्टरच्या मुळाशी असलेला थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच 1950च्या दशकाच्या शेवटी बाजारात आला. पंपावर तो रुळायला मात्र पुढची काही दशकं लागली. सुरुवातीचे सॉफ्ट स्टार्टर फक्त व्होल्टेज रॅम्प देणारे होते. तीस-चाळीस टक्के व्होल्टेजपासून सुरुवात करायची आणि दहा-वीस सेकंदांत ते पूर्ण करायचं, एवढंच त्यांचं काम. मोटर किती फिरली हे त्यांना कळत नसे. रॅम्पचा वेळ व्होल्टेजचा असे, वेगाचा नव्हे. भार हलका असला तर मोटर निम्म्या वेळातच पूर्ण वेगाला पोचायची. भार जड असला तर रॅम्प संपायचा, मोटर मागेच राहायची आणि उरलेला करंट डीओएलसारखाच उसळायचा.

यावर उपाय म्हणून स्टार्टरच्या आत करंट मोजणारे सीटी बसवले गेले आणि करंट ठरावीक आकड्यावर रोखणारं ‘करंट लिमिट’ आलं. पुढे आयजीबीटी या वेगवान स्विचमुळे, फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी आटोपशीर आणि स्वस्त झाले. त्यांच्या मेनूतही याच नावाची सेटिंग होती. गोंधळाची सुरुवात इथेच झाली. सातपूर-अंबडच्या पॅनलवाल्यांकडे येणाऱ्या मागण्यांत ‘सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी, करंट लिमिटसह’ अशी एक ओळ असते, जणू दोन्ही एकच काम करतात. तसं नाही, आणि फरक किमतीपुरताही नाही.

100 एचपीचा, म्हणजे 75 किलोवॉटचा पंप घेऊन पाहू. मोटरचा पूर्ण भाराचा करंट साधारण 130 अँपिअर. डीओएलवर उठताना साडेसहापट, म्हणजे 845 अँपिअर. डीपी वाचवायची म्हणून सॉफ्ट स्टार्टरवर लिमिट 250 टक्के, म्हणजे 325 अँपिअर ठेवलं. सॉफ्ट स्टार्टरला फ्रिक्वेन्सी बदलता येत नाही, त्यामुळे करंट रोखायचा तर व्होल्टेज कापण्यावाचून त्याच्या हाती काही नसतं. उभ्या मोटरला ते व्होल्टेज 38 टक्क्यांवर येतं. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणून पूर्ण व्होल्टेजला जो उठावाचा टॉर्क मिळाला असता त्याचा जेमतेम सातवा हिस्सा उरतो. करंट अडीचपट मोजतो आपण, पण टॉर्क मिळतो पूर्ण भाराच्या टॉर्कच्या पाव भागाइतका.

सेंट्रिफ्युगल पंपाला सुरुवातीला टॉर्क लागतोच कमी, त्यामुळे मोटर फिरू लागते. खरी अडचण मधल्या वेगाला येते. साठ टक्के वेगावर 325 अँपिअरच्या मर्यादेत अशा मोटरकडून साधारण 31 टक्के टॉर्क मिळतो. नंतरचं सगळं पाइपलाइनवर ठरतं. पाणी वर नेणारी रायझिंग मेन भरलेली असेल तर पाणी मागे येऊ न देणारा एनआरव्ही बंद राहतो, पंप पाणी ढकलत नाही आणि त्याला 18 टक्क्यांच्या आसपास टॉर्क पुरतो. मोटर सुखाने वर जाते. पण रात्रीतून एनआरव्ही गळून लाइन रिकामी झाली असेल, तर पंपापुढे चढ नसतोच. तो जोरात पाणी फेकू लागतो आणि त्याच वेगाला 36 टक्के मागतो. मग मोटर तिथेच अडकते.

‘काल चालू झाला, आज होत नाही’ या तक्रारीमागे हे असू शकतं. ओळखायची खूण अँपमीटरवर असते. नीट उठलेल्या पंपाचा काटा काही सेकंद लिमिटवर थांबून एकदम चालू करंटवर पडतो. अडकलेल्या पंपाचा काटा 325 वरच खिळून राहतो, पंपाचा आवाज एकाच सुरात राहतो आणि शेवटी स्टार्टर ‘स्टार्ट टाइम’वर ट्रिप होतो. वायरमन लगेच रीसेट करून पुन्हा दाबतो. हे दोन-चारदा झालं की रोटर तापतो आणि मोटर रिवाइंडिंगला जायची पाळी येते. स्लुईस व्हॉल्व्ह पाव भाग उघडा ठेवून लाइन हळूहळू भरली, तर याच लिमिटवर पंप उठतो. नाहीतर लिमिट 350 टक्क्यांवर न्यायला हवं. साठ टक्के वेगाचा टॉर्क त्याने जवळपास दुप्पट होतो, पण डीपीवर 455 अँपिअरचा भार येतो. कुठल्या बाजूने सोसायचं ते ठरवावं लागतं. सॉफ्ट स्टार्टरमध्ये दोन्ही साधत नाही.

व्हीएफडी वेगळ्या वाटेने जातो. तो व्होल्टेजबरोबर फ्रिक्वेन्सीही खाली आणतो, त्यामुळे मोटरचं चुंबकत्व टिकतं आणि टॉर्क करंटच्या जवळपास प्रमाणात मिळतो. तोच 36 टक्के टॉर्क 30 हर्ट्झला द्यायचा तर डीपीकडून तीसेक अँपिअरच लागतात. इथे करंट लिमिट साधारण 110 टक्के ठेवतात. मर्यादा आली की ड्राइव्ह रॅम्प थांबवतो किंवा फ्रिक्वेन्सी उतरवतो. मोटर अडकत नाही, सावकाश होते.

म्हणून व्हीएफडीच घ्यावा, असं विक्रेते म्हणतात. पण पंपाला उंची गाठायची असते, हे ते सांगत नाहीत. पंपाचा बंद व्हॉल्व्हवरचा हेड 50 हर्ट्झला 60 मीटर आणि चढ 42 मीटर असेल, तर सुमारे 42 हर्ट्झच्या खाली पाणी वर चढतच नाही. करंट लिमिटने वेग 40 वर आणून ठेवला तर डिस्प्लेवर सगळं ठीक दिसतं, अँपिअरही कमी असतात, पण शेतात थेंब येत नाही आणि पंपातलं पाणी घुसळून तापत राहतं. अशा योजनेत वेग कमी करून वीज वाचवायला वावही थोडाच असतो.

बंद करतानाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. सॉफ्ट स्टॉप व्होल्टेज उतरवतो, वेग नव्हे. टॉर्क एका टप्प्याला अपुरा पडला की पंप एकदम बसतो. लाइन लांब असेल तर पाण्याचा दणका कमी होतो, पण जात नाही. व्हीएफडीला वेगच हळू उतरवता येतो.

नदीवरून टाकीत चढवणाऱ्या, एकाच वेगाने तासन्‌तास चालणाऱ्या पंपावर बायपास कॉन्टॅक्टरसह सॉफ्ट स्टार्टर पुरेसा आहे, मात्र डीपीला तेवढा दम हवा आणि एनआरव्ही धड हवा. चालू झाल्यावर थायरिस्टर बाजूला पडतात आणि उष्णतेचा प्रश्नच राहत नाही. द्राक्षबागेत ठिबकचे कधी दोन, कधी पाच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पंपाचं गणित निराळं आहे. तिथे मागणीच बदलते, आणि व्हीएफडीचे पैसे तिथे वसूल होतात. मागणीपत्रात मात्र करंट लिमिटचा आकडा एकटा लिहून भागत नाही. त्या लिमिटवर, रिकाम्या लाइनसकट, पंप किती सेकंदांत पूर्ण वेगाला गेला पाहिजे, हेही सॉफ्ट स्टार्टरसाठी लिहावं लागतं. व्हीएफडीसाठी किमान हर्ट्झ लिहावा लागतो.