बहुपदीला अंतरालात मूळ असल्याची सिद्धता (मध्यवर्ती मूल्य प्रमेयावरून)

एखाद्या अंतरालात बहुपदीला वास्तव मूळ आहे, हे ते मूळ प्रत्यक्ष न काढता सिद्ध करण्याची ही रीत आहे. अंतरालाच्या एका टोकाला बहुपदीची किंमत ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन येते एवढे दाखवायचे. मग मध्ये कुठेतरी तिची किंमत शून्य होतेच, हे मध्यवर्ती मूल्य प्रमेय सांगते. प्रमेयाचे पूर्ण विधान असे : फलन f हे a पासून b पर्यंतच्या बंद अंतरालावर संतत असेल आणि k ही संख्या f(a) व f(b) यांच्या दरम्यान असेल, तर त्या अंतरालात f(c) = k होईल अशी निदान एक संख्या c असते. मुळांच्या प्रश्नात k = ० घेतात. नावात साम्य असले तरी ‘मध्यममूल्य प्रमेय’ वेगळे आहे. ते वक्राच्या उताराबद्दल बोलते आणि त्यासाठी फलन विकलनक्षम असावे लागते. उत्तरपत्रिकांत ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी पडतात.

न्यूटनचे समीकरण

या रीतीसाठी x³ − २x − ५ = ० हे समीकरण घेणे सोयीचे आहे. न्यूटनने १६६९ च्या सुमारास आपली आसन्न मुळे काढण्याची पद्धत याच समीकरणावर करून दाखवली होती, आणि वॉलिसने १६८५ मध्ये ती छापून लोकांपुढे आणली. न्यूटनने मूळ २ च्या जवळ आहे असे धरले, x च्या जागी २ + q लिहिले आणि q³ + ६q² + १०q − १ = ० हे समीकरण मिळवले. q लहान असल्याने पहिली दोन पदे सोडली की q सुमारे ०.१ येतो. तीच क्रिया पुढे चालवली की मूळ २.०९४५५१४८… असे येते. पण २ जवळ मूळ आहे हे या सगळ्यात गृहीतच आहे. अंक कसे काढायचे ते न्यूटन सांगतो. काढायला तिथे काही आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रमेय देते.

p(x) = x³ − २x − ५ मानू. p(२) = ८ − ४ − ५ = −१, आणि p(३) = २७ − ६ − ५ = १६. प्रत्येक बहुपदी सर्वत्र संतत असते, म्हणून p हे २ ते ३ या अंतरालावरही संतत आहे. ० ही संख्या −१ आणि १६ यांच्या दरम्यान आहे. म्हणून p(c) = ० होईल अशी संख्या c, २ आणि ३ यांच्यामध्ये आहे. एवढीच सिद्धता. संततपणाचे वाक्य मात्र गाळायचे नसते, कारण प्रमेयाचा सारा भार त्याच वाक्यावर आहे. १/(x − २.५) या फलनाची किंमत २ ला −२ आणि ३ ला +२ येते, तरीही ते कुठेच शून्य होत नाही, २.५ पाशी ते तुटलेले आहे. बहुपदीच्या बाबतीत ही भीती नाही, पण ती का नाही हे लिहावे लागते.

मूळ आहे हे कळले, पण ते एकच आहे का? यावर प्रमेय गप्प आहे, ते फक्त ‘निदान एक’ म्हणते. एकमेवता वेगळी दाखवावी लागते. इथे ती विकलज न वापरताही साधते. s आणि t या अंतरालातल्या दोन संख्या असून s < t असेल, तर

p(t) − p(s) = (t − s)(s² + st + t² − २)

दुसऱ्या कंसातली प्रत्येक वर्ग वा गुणाकाराची किंमत ४ किंवा त्याहून मोठी आहे, म्हणून तो कंस १० पेक्षा कमी होत नाही. म्हणजे p सतत वाढत जाते आणि वाढत जाणारे फलन दोनदा शून्य होऊ शकत नाही.

हे खरे कशामुळे?

ऋण बाजूची रेघ धन बाजूला जायची तर अक्ष ओलांडणारच, असे चित्र बघून वाटते. पण चित्रावर विसंबता येत नाही, आणि ते न्यूटनच्या याच समीकरणात दिसते. या बहुपदीचे परिमेय मूळ असलेच तर ते पूर्णांक असून ५ चा विभाजक असायला हवे, कारण x³ चा सहगुणक १ आहे. १, −१, ५, −५ घालून पाहिले तर किमती −६, −४, ११० आणि −१२० येतात. एकही शून्य नाही. म्हणून c अपरिमेय आहे. आता समजा, आपल्याकडे फक्त परिमेय संख्या आहेत. तरी p(२) ऋण आणि p(३) धनच राहते, बहुपदीचा संततपणाही तसाच राहतो, पण मूळ मात्र नाहीसे होते. रेघ अक्षाच्या एका फटीतून निसटून पलीकडे जाते. तेव्हा प्रमेय टिकते ते वास्तव संख्यारेषेवर अशी फट नसल्यामुळे. त्या गुणाला वास्तव संख्यांची पूर्णता म्हणतात.

प्राग येथील धर्मगुरू आणि गणिती बेर्नार्ड बोलझानो याने १८१७ मध्ये नेमके हेच उचलून धरले. भूमितीच्या चित्रातून हे विधान उघड मानणे त्याला मान्य नव्हते. संततपणाची नेमकी व्याख्या करून त्याने ते निव्वळ विश्लेषणातून सिद्ध करायला घेतले. म्हणून k = ० या प्रकाराला बोलझानोचे प्रमेय असेही म्हणतात. फ्रान्समध्ये कोशीने १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात अंतराल तुकडे करत बारीक करण्याची सिद्धता दिली. ती हाताने करून पाहण्याजोगी आहे.

अंतराल दुभागा. p(२.५) = ५.६२५ धन आहे, म्हणून चिन्हबदल २ ते २.५ या डाव्या अर्ध्यात आहे. पुन्हा दुभागा. p(२.२५) = १.८९०६२५, धन, डावा अर्धा ठेवा. p(२.१२५) सुमारे ०.३४६, तोही धन. p(२.०६२५) सुमारे −०.३५१, इथे पहिल्यांदा ऋण किंमत मिळाली, म्हणून आता उजवा अर्धा, २.०६२५ ते २.१२५. दर पायरीला डाव्या टोकाची किंमत ऋण, उजव्या टोकाची धन आणि लांबी निम्मी. n पायऱ्यांनंतर लांबी १/२ⁿ. डावी टोके मागे सरकत नाहीत, उजवी पुढे सरकत नाहीत, आणि दोन्ही एकाच संख्येकडे जातात. अशी संख्या असतेच, हे पूर्णता सांगते. तिला c म्हणू.

आता p(c) शून्यच का? वरच्या सूत्रातला दुसरा कंस २ ते ३ मध्ये २५ पेक्षा मोठा होत नाही. म्हणून n व्या पायरीच्या दोन टोकांच्या किमतींत जास्तीत जास्त २५/२ⁿ इतका फरक असतो. एक किंमत ऋण आणि दुसरी धन, तेव्हा दोन्ही शून्यापासून तेवढ्याच अंतराच्या आत आहेत. c हीसुद्धा या टोकांच्या मधलीच, म्हणून p(c) शून्यापासून ५०/२ⁿ पेक्षा दूर असू शकत नाही. n कितीही मोठा घेता येतो, म्हणून p(c) = ०. सर्वसाधारण संतत फलनासाठी याच जागी सीमेची भाषा लागते. बहुपदीला मात्र २५ सारखा रोकडा आकडा पुरतो.

दुभागण्याऐवजी दहा भाग केले तर दर फेरीला मुळाचा एक दशांश अंक मिळतो. p(२.०) ऋण व p(२.१) = ०.०६१ धन, p(२.०९) = −०.०५०६७१ ऋण, p(२.०९४) ऋण व p(२.०९५) धन. म्हणजे मूळ २.०९४ ने सुरू होते. ही युक्ती बोलझानोच्या दोन शतके आधीची आहे. सायमन स्टेव्हिनने १५९४ मध्ये x³ = ३००x + ३३९१५०२४ याचे मूळ असेच एकेक अंक पुढे जात काढले होते. ते ३२४ आहे, आणि गुणून पाहिल्यास ताळा बरोबर जमतो.

कुठे चुकते

पहिली चूक आकडेमोडीतली. मुळाजवळ किंमत इतकी लहान होते की आधीच केलेले पूर्णांकन चिन्हच उलटवते. x = २.०९४५ घेऊ. वर्ग पूर्ण ठेवला, म्हणजे ४.३८६९३०२५ घेतला, तर p ची किंमत सुमारे −०.०००५७ येते. तोच वर्ग ४.३९ असा दोन दशांश स्थळांवर आणला तर उत्तर +०.००५८५५. चिन्ह फिरले की मूळ भलत्याच अर्ध्यात शोधले जाते. सिद्धतेसाठी म्हणून टोके सोपी निवडावीत, शक्यतो पूर्णांक किंवा साधे अपूर्णांक, आणि किमती पूर्ण लिहाव्यात. अंतराल दिलेले नसेल तर सहगुणकांवरून ते मिळते. मुख्य सहगुणक १ असेल, तर बाकीच्या सहगुणकांच्या केवल किमतींतली सर्वांत मोठी घेऊन तिच्यात १ मिळवावा. एकही मूळ त्या मर्यादेबाहेर नसते. इथे ती मर्यादा ५ + १ = ६ आहे, आणि p(−६) = −२०९, p(६) = १९९. विषम कोटीच्या प्रत्येक बहुपदीत दोन टोकांना असेच विरुद्ध चिन्ह मिळते, म्हणून तिला वास्तव मूळ असतेच.

दुसरी चूक तर्कातली असून ती जास्त फसवी आहे. टोकांना सारखीच चिन्हे आली म्हणजे मध्ये मूळ नाही, असा निष्कर्ष काढला जातो. r(x) = ५x² − २५x + ३१ घ्या. r(२) = १, r(३) = १. पण r(२.५) = −०.२५. म्हणजे २ आणि २.५ मध्ये एक मूळ, २.५ आणि ३ मध्ये दुसरे. पूर्णांकांच्या किमतींचा तक्ता करणाऱ्याला ती दोन्ही दिसणार नाहीत. (x − २.५)² सारख्या बहुपदीत तर चिन्ह कुठेच बदलत नाही, वक्र अक्षाला टेकून परत वर जातो, तिथे कितीही बारीक तुकडे केले तरी या रीतीने ते मूळ हाती लागत नाही. ‘इथे मूळ नाही’ किंवा ‘नेमकी इतकी मुळे आहेत’ असे म्हणायचे असेल, तर स्टर्मने १८२९ मध्ये मांडलेले प्रमेय वापरतात. ते बहुपदी आणि तिचा विकलज यांच्या भागाकारांतून बहुपदींची साखळी बनवते आणि दोन टोकांवरच्या चिन्हबदलांच्या संख्यांतल्या फरकावरून अंतरालातली भिन्न मुळे मोजते. r साठी ही साखळी ५x² − २५x + ३१, १०x − २५ आणि ०.२५ अशी आहे. २ ला चिन्हे +, −, + म्हणजे दोन बदल. ३ ला +, +, + म्हणजे एकही नाही. फरक दोन, मुळे दोन.